घंटेचा नाद विरताना हेलकावे का खातो?

नादवेडा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतोच. आमच्या देवळातली घंटा मध्यम आहे, तोंडाचा व्यास ३४ सेंमी, कांशाची, आतून लोलक लोंबतो आणि दोरीने वाजवतात. टोला पडला की आधी एकदम दणदणीत आवाज येतो, पहिले दोनेक सेकंद त्यात बारीक किणकिण बरीच असते, मग ती मरते आणि उरतो फक्त एक खालचा गुंजारव, आणि तो सरळ विरत नाही, हेलकावे खात विरतो. मोठा, बारीक, मोठा, बारीक, आणि प्रत्येक वेळचा मोठा आधीच्यापेक्षा थोडा कमी. काल मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन स्क्रीनवर बघितलं तर आकृतीत सरळसरळ मण्यांची माळ दिसते, मणी लहान लहान होत जातात. एका बारीक जागेपासून सुरुवात करून पुढची दहा अंतरं मोजली, ७.७ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला १.३ हेलकावे.

अजून एक गोष्ट विचित्र वाटली. घंटेखाली उभं राहून कान काठाजवळ नेला आणि हळूहळू गोल फिरलो, तर काही जागी टोल्यानंतर गुंजारव लगेच मोठा असतो आणि काही जागी आधी जवळजवळ नसतोच, मग अर्ध्या सेकंदात फुगून वर येतो. घंटा तीच, टोला तोच. हे काय आहे?

मन्या७२
सोप्पं आहे राव. घंटा साखळीवर टांगलेली असते, टोला पडला की ती झुलते आणि थोडी पिळतेही. घंटेचा आवाज सगळ्या बाजूंना सारखा जात नाही, त्यामुळे ती फिरली की कधी मोठी बाजू तुमच्याकडे कधी बारीक बाजू. आमच्या इथल्या घंटेला हाताने गोल फिरवून सोडलं की स्पष्ट ऐकू येतं, वूं वूं वूं असं.

तानपुरेवाला
मला वाटतं तिथे दोन घंटा जवळजवळ टांगलेल्या असणार आणि एक वाजली की दुसरी पण झंकारत असणार. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की अगदी हाच प्रकार होतो, आवाज फुगतो बसतो फुगतो बसतो. तारा जसजशा मिळत येतात तसा हेलकावा संथ होतो आणि पूर्ण जुळल्या की थांबतो. आम्ही जोड मिळवतो ती कानाने हाच हेलकावा ऐकत. तेव्हा दुसरी घंटा शोधा.

नादवेडा
@तानपुरेवाला दुसरी घंटा नाही हो, एकच आहे, आसपास कांशाचं काही नाही.
@मन्या७२ तुमचं पटण्यासारखं आहे, उद्या घंटा धरून बघतो.

अनघा_प्र
तानपुरेवाले काका उत्तराच्या दारात उभे आहेत. दोन जवळजवळ सारखे स्वर लागतात हे खरं, फक्त दोन घंटा लागत नाहीत. ते दोन्ही स्वर एकाच घंटेत असतात.

मी कंपनांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. जो खालचा गुंजारव शेवटपर्यंत टिकतो त्यात घंटेचा काठ गोल राहत नाही, लंबगोल होतो. एका क्षणी पूर्व-पश्चिम ताणला जातो आणि दक्षिणोत्तर आत दबतो, पुढच्या क्षणी उलट. चार जागा जोरात आतबाहेर होतात आणि त्यांच्या बरोबर मध्ये चार जागा आतबाहेर होतच नाहीत. आता प्रश्न असा की लंबगोल पूर्व-पश्चिमच का? घंटा अगदी निर्दोष गोल असेल तर तो कुठल्याही दिशेला होऊ शकतो, घंटेला सगळ्या दिशा सारख्या. पण कुठल्याही दिशेचा लंबगोल दोनच मूळ लंबगोलांतून बनवता येतो, एक पूर्व-पश्चिमवाला आणि एक त्याच्यापासून ४५ अंश फिरवलेला. निर्दोष घंटेत या दोघांचा स्वर तंतोतंत एक असतो, त्यामुळे दोन आहेत हे आपल्याला कळतही नाही.

खरी घंटा कधीच निर्दोष नसते. कुठेतरी थोडं वजन जास्त, कुठे भिंत किंचित पातळ. मग दोन लंबगोलांपैकी एकाचा स्वर जरासा खाली जातो. तुमच्याकडे दोघांत सेकंदाला १.३ कंपनांचा फरक आहे. दोघं एकत्र सुरू होतात, थोड्या वेळात एक मागे पडतो, अर्धं कंपन मागे पडला की दोघं एकमेकांना खातात, पूर्ण एक कंपन मागे पडला की परत जुळतात. ७.७ सेकंदांत दहा वेळा. शाळेत आपण याला विस्पंद म्हणायचो.

घरी करून बघायचं असेल तर कपबशीतला कप नको, सरळ उभ्या भिंतीचा, जाड कान असलेला चिनी मातीचा कॉफीचा मग घ्या. चमच्याने काठावर कानाच्या बरोबर वर हलकं टिचकावा, मग कानाच्या समोरच्या बाजूला, मग दोन्ही काटकोनात. चारही ठिकाणी एकच स्वर येईल. आता या जागांच्या अगदी मधोमध टिचकावा, स्वर चढा येईल, सहज कळण्याइतका. कानाचं वजन एका लंबगोलाबरोबर हलतं आणि त्याला जड करतं, दुसऱ्या लंबगोलात कानाची जागा आतबाहेर होत नाही म्हणून तो हलका राहतो. मगमध्ये फरक इतका मोठा की दोन वेगळे स्वर ऐकू येतात. घंटेत तोच फरक इतका बारीक असतो की दोन स्वर न ऐकू येता एकच स्वर डोलताना ऐकू येतो.

केतकी
अनघाताई आत्ता स्वयंपाकघरात जाऊन मग वाजवून आले!! खरंच दोन स्वर आहेत. इतकी वर्षं त्याच मगमध्ये साखर ढवळतेय आणि कधी लक्षात आलं नाही.

जुना ओतारी
नमस्कार. आमचं घर तीन पिढ्या ओतकामातलं. ताईंचं बरोबर असेलही पण मी माझ्या अनुभवाचं सांगतो. हेलकावा येतो तो गाभा सरकल्यामुळे. साच्यात आतला गाभा बसवतात, रस ओतताना तो केसभर जरी सरकला तरी घंटा एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला पातळ होते. जाड बाजूचा स्वर वेगळा आणि पातळ बाजूचा वेगळा, ते दोन स्वर भांडतात. कॅलिपर लावून बघा, जाडीत फरक निघणारच.

मन्या७२
मी अजूनही म्हणतो आधी घंटा धरून बघा.

नादवेडा
बघितली. लोलक टेकू नये म्हणून एकाने दोरी धरली, मी वर कडीजवळ घंटेचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बाहेरून लाकडी दांडक्याला कापड गुंडाळून टोला दिला. घंटा जराही हलली नाही. हेलकावा जसाच्या तसा, मोजला तर परत दहा अंतरांना ७.७ सेकंद.

मन्या भाऊ, पण तुमचंही खोटं नाही. नंतर मुद्दाम घंटा पिळून सोडली आणि वाजवली तर नेहमीच्या हेलकाव्यावर आणखी एक संथ डोल चढला, एकूण आवाज फारच गुंतागुंतीचा झाला. त्यामुळे मोजायचं तर घंटा स्थिर पाहिजे हे नक्की.

अनघा_प्र
छान केलंत. आणि डोक्याजवळ धरलंत हे फार बरं, तिथे घंटा जवळजवळ हलतच नाही म्हणून धरल्याने आवाज मरत नाही, काठाला धरलं असतं तर दोन सेकंदात गप्प झाली असती. पिळलेल्या घंटेचं मन्या यांचं निरीक्षणही बरोबर आहे, आवाजाची चार पानं असतात आणि घंटा एक पूर्ण फेरी फिरली की चारही तुमच्यासमोरून जातात, म्हणजे एका फेरीत चार हेलकावे. ते घंटा थांबली की थांबतं. तुमचं थांबत नाही.

आता खरी परीक्षा सांगते, वेळ असेल तर करा. घंटेच्या काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, बरोबर एक घेर होईल तिथे कापा आणि मग ती चार वेळा दुमडा. उलगडली की घड्यांनी सोळा समान भाग मिळतात. पट्टी परत काठाला लावून प्रत्येक घडीशी खडूने १ ते १६ आकडे टाका. मग पट्टी काढून एकेका खुणेवर त्याच दांडक्याने, साधारण तेवढ्याच जोराने टोला द्या, मोबाईल मात्र प्रत्येक वेळी टोल्याच्या जागेसमोरच धरायचा, हातभर अंतरावर. माझा अंदाज, काही खुणांवर हेलकावा गायब होईल.

कोडवाला
एक शंका. नादवेडाने मला फाईल पाठवली होती, मी Audacity मध्ये Plot Spectrum, म्हणजे कुठला स्वर किती जोरात आहे त्याचा आलेख, काढला, size 65536 घेऊन. ४६३ हर्ट्झच्या आसपास एकच उंचवटा दिसतोय, दोन नाहीत. दोन वेगळे स्वर असते तर दोन टोकं दिसायला हवी होती ना? त्यामुळे मला हे दोन लंबगोल प्रकरण तितकंसं पटत नाहीये.

अनघा_प्र
फाईलमध्ये सेकंदाला 44100 नमुने असतात, त्यांना 65536 ने भागा, ०.६७ येतात. म्हणजे तुमच्या आलेखातले दोन शेजारचे बिंदूच ०.६७ हर्ट्झ लांब आहेत, आणि विंडोमुळे एकेक टोक तीनचार बिंदूंवर पसरतं. १.३ चा फरक त्यात दिसणारच नाही, दोन टोकं एकमेकांत विरघळणार. दुसऱ्या शब्दांत, तुम्ही एकावेळी दीड सेकंदाचा तुकडा बघताय, त्यात जेमतेम दोन हेलकावे बसतात. लांब तुकडा घ्या. पहिला एक सेकंद किणकिणीचा सोडून पुढचे अकरा सेकंद अखंड.

कोडवाला
ओके, असं केलं:

```python
y = y[sr*1 : sr*12]
S = abs(np.fft.rfft(y * np.hanning(len(y))))
f = np.fft.rfftfreq(len(y), 1/sr)
m = (f > 455) & (f < 470)
plt.plot(f[m], S[m])
```

आणि हो, दोन टोकं निघाली. ४६२.० आणि ४६३.३. मागे घेतो माझं म्हणणं. फरक बरोबर १.३, नादवेडाने स्क्रीनवर मणी मोजून काढलेला आकडाच. खालचं टोक थोडं बुटकं आणि रुंद आहे.

अनघा_प्र
रुंद आहे म्हणजे तो स्वर लवकर मरतोय. हे लक्षात ठेवा, नादवेडांच्या माळेत शेवटी मणी नीट वेगळे दिसत नसतील, बुडी उथळ होत जात असेल. दोघं सारख्या ताकदीचे असतात तेव्हाच एकमेकांना पूर्ण खातात. एक लवकर दमला की दुसरा एकटाच उरतो आणि शेवटचा गुंजारव जवळपास सरळ ऐकू येतो.

नादवेडा
अगदी तसंच आहे! सुरुवातीच्या बुड्या अगदी तळाला जातात आणि दहाव्या सेकंदानंतर नुसती लाट उरते.

सायली_दे
माफ करा मधे येतेय. आमच्या देवळातली घंटा मागच्या वर्षी साखळी तुटून फरशीवर पडली, तेव्हापासून तिचाही आवाज कापरा झालाय. वर वाचून वाटलं की हेच असेल. हा हेलकावा काढता येतो का? आमच्याकडे सगळ्यांना ती आता अपशकुनी वाटते.

जुना ओतारी
सायलीताई, पडलेल्या घंटेचं वेगळं असतं. कापरा म्हणजे कसा? डोलणारा की फडफडणारा? तडा गेला की आवाज बद्द होतो, त्यात फर्रर्र असं येतं, आणि मुख्य म्हणजे टिकत नाही. पूर्वी पंधरा सेकंद टिकायची ती चारपाच सेकंदात बसते. घंटा उतरवून काठ पुसून त्यावर रॉकेल लावा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर थोड्या वेळाने पुडीवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर ती घंटा वाजवू नका, तडा वाढत जातो.

अनघा_प्र
ओतारीकाकांची खूण उत्तम आहे. त्यात भर एवढीच की तडा गेला तरीही दोन लंबगोलांतला फरक वाढतो, त्यामुळे नुसता हेलकावा जलद झाला एवढ्यावरून तडा नाही असं म्हणता येणार नाही. सायली, पडायच्या आधीचं कुठलं रेकॉर्डिंग आहे का, कुणाच्या आरतीच्या व्हिडिओत वगैरे? असेल तर दोन्हींत हेलकाव्याचा वेग आणि आवाज किती सेकंद टिकतो ते ताडून बघा.

सायली_दे
व्हिडिओ शोधते. फडफड आहे असं वाटत नाही, पण टिकत कमी आहे हे खरं.

नादवेडा
झालं! सोळा टोले मारून आलो. काठाचा घेर १०७ सेंमी निघाला, म्हणजे दोन खुणांत ६.७ सेंमी. निकाल जसा दिसला तसा सांगतो.

खूण १, ५, ९, १३ वर टोला दिला तर गुंजारव एकदम सरळ, हेलकावा जवळजवळ नाहीच, आणि कोडवाल्याने तपासलं तर तिथे फक्त ४६३.३. खूण ३, ७, ११, १५ वरही सरळ, पण स्वर ४६२.०, आणि तो खरंच लवकर विरतो. सगळ्या सम आकड्यांवर मात्र पूर्ण डोलणारा हेलकावा, बुडी अगदी तळापर्यंत. मी तिथेच खाली बसलो थोडा वेळ. इतकी वर्षं जी घंटा डोलत वाजते ती चार बोटं सरकून वाजवली की अजिबात डोलत नाही!

आणि लोलक कुठे लागतो ते बघितलं, आतून दोन चकचकीत डाग आहेत घासून झालेले, खूण ४ आणि खूण १२ ला. दोरी एकाच बाजूने ओढतात ना, त्यामुळे लोलक कायम त्याच रेषेत झुलतो.

तानपुरेवाला
म्हणजे खूण ४ वर टोला म्हणजे दोन्ही तारा एकदम छेडल्या, आणि १ वर किंवा ३ वर म्हणजे एकच तार. आता डोक्यात बसलं.

अनघा_प्र
बरोब्बर तसंच. जिथे एक लंबगोल सर्वात जास्त हलतो तिथे दुसरा आतबाहेर हलतच नाही, म्हणून तिथल्या टोल्याने दुसरा जागा होत नाही. मधोमध मारलं की दोघांना सारखा वाटा मिळतो. १८९० साली लॉर्ड रॅले यांनी घंटांवर प्रयोग केले तेव्हा हे लिहून ठेवलंय, की टोल्याची जागा बदलली की हेलकावा येतो किंवा जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न राहिलाय, काही जागी गुंजारव आधी नसतो आणि मग फुगतो. टोला ४ वर पडला तर त्या क्षणी दोन लंबगोल मिळून जो लंबगोल बनतो त्याचं टोक ४ वर असतं. त्याच्यापासून ४५ अंशांवर, म्हणजे तुमच्या खूण ६ वर, दोघांची हालचाल तितकीच पण एकमेकांच्या उलट, म्हणून तिथे सुरुवात शून्यातून. अर्धा हेलकावा उलटला, तुमच्याकडे ०.३८ सेकंद, की एक लंबगोल अर्धं कंपन मागे पडलेला असतो आणि चित्र बरोबर उलटतं, ६ समोर दणकून आणि ४ समोर शांत. आवाज कमी झालेला नसतो, जागा बदललेली असते. दोन मोबाईल घेऊन एक ४ समोर आणि एक ६ समोर, काठापासून वीतभर अंतरावर ठेवून एकदम रेकॉर्ड करा. लांबून नको, सभामंडपात भिंतींवरून आवाज परततो आणि सगळं मिसळतं.

केतकी
म्हणजे घंटेखाली उभ्या दोन माणसांना एकाच टोल्याचा उलटा हेलकावा ऐकू येतो?? किती सुंदर आहे हे.

जुना ओतारी
सगळं खरं, पण माझा मुद्दा तसाच आहे. दोन लंबगोलांत फरक पडतो तो जाडीमुळेच. नादवेडा, कॅलिपर लावलात का?

नादवेडा
लावला काका. खूण ८ च्या आसपास काठ १३ मिमी, समोर १६ ला ११.५. मधे हळूहळू बदलत जातो. म्हणजे गाभा सरकलाच होता.

जुना ओतारी
बघा. दीड मिलिमीटर. सांगितलं होतं.

अनघा_प्र
काका, गाभा सरकला हे तुम्ही न बघता ओळखलंत, याला अनुभव लागतो. पण हेलकाव्याचं कारण ते नसावं असं मला वाटतं, का ते सांगते, चुकत असेन तर सांगा. एका लंबगोलाच्या चार जोरदार जागा १, ५, ९, १३, दुसऱ्याच्या ३, ७, ११, १५. जाड बाजू ८, पातळ बाजू १६, मधे हळूहळू उतार. आता पहिल्या चार जागांची जाडी घ्या, दोन जाड बाजूकडे, दोन पातळ बाजूकडे, सरासरी काढा. दुसऱ्या चारांचीही काढा. दोन्ही सरासऱ्या सारख्याच येतात. एका बाजूला जाड आणि समोर पातळ असा एकच चढउतार दोघांनाही सारखाच लागतो, त्याने दोघांचा स्वर मिळून बदलेल पण दोघांत फरक जवळजवळ पडणार नाही. फरक पाडायला एकाच्या जागांना धरून दुसऱ्याच्या जागांना सोडून देणारं काहीतरी हवं. एखादी गाठ, डाग, जोड, एकाच जागचं जास्तीचं वजन. मगच्या कानासारखं.

नादवेडा, खूण ३, ७, ११ किंवा १५ जवळ काठावर काही आहे का?

नादवेडा
अंगावर काटा आला. खूण ३ वर काठाच्या जरा वर उठावाची अक्षरं आहेत, देणगीदाराचं नाव आणि संवत. साधारण तळहाताएवढी पट्टी, सगळी अक्षरं ओतीव आणि चांगली जाड.

अनघा_प्र
मग तो पहिला संशयित. खालचा स्वर बरोबर ३ वर आहे, म्हणजे ३ वर वजन जास्त आहे याच्याशी जुळतं. खात्री करायची तर सोपी युक्ती आहे. मधमाशांच्या मेणाचा सुपारीएवढा गोळा, दहाएक ग्रॅमचा, काठावर बाहेरून खूण १ वर घट्ट दाबून बसवा आणि लोलकाने वाजवा. चढा स्वर थोडा खाली येईल, फरक कमी होईल, हेलकावा संथ होईल. मग तोच गोळा काढून ३ वर लावा, हेलकावा जलद व्हायला हवा. मेण सैल राहिलं तर आवाजच मारतं, तेव्हा नीट चिकटवा.

मन्या७२
मेणाऐवजी लोहचुंबक चिकटवला तर? पटकन लागतो आणि निघतो.

अनघा_प्र
कांशाला लोहचुंबक धरत नाही मन्या. मेणच बरं.

नादवेडा
केलं. १ वर मेण लावलं तर दहा अंतरांना १२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.८ च्या आसपास. तोच गोळा ३ वर लावला तर ५.६ सेकंद, सेकंदाला १.८. १ वर दुसरा गोळा वाढवला, मग तिसरा अर्धा, तर हेलकावा इतका संथ झाला की आवाज विरेपर्यंत एकच बुडी आली. आणखी थोडं लावलं तर परत जलद व्हायला लागला. मेण सगळं काढून काठ पुसून ठेवला.

दोन मोबाईलचंही केलं. कोडवाल्याने दोन्ही आकृत्या एकाखाली एक लावल्या, एकाच्या मण्याखाली बरोबर दुसऱ्याची गाठ.

दूरचा_वाटसरू
मस्त धागा. कोरियात ग्योंगजूच्या संग्रहालयात राजा सोंगदोकची घंटा आहे, सन ७७१ ची, जवळपास १९ टनांची. तिचा सगळ्यात खालचा स्वर ६४ हर्ट्झच्या आसपास, तोही असाच दुभंगलेला, फरक साधारण ०.३५ चा, म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांना एक हेलकावा. तिथले घंटा बनवणारे हेलकावा हा दोष मानत नाहीत, उलट तो संथ आणि स्वच्छ यावा म्हणून धडपडतात. त्या घंटा लोलकाने नाही, बाहेरून लाकडी ओंडक्याने वाजवतात, आणि ओंडका जिथे लागतो ती जागा घंटेवर फुलासारखी कोरलेली असते. आता कळलं की ती जागा कुठे आहे यावर किती अवलंबून आहे. युरोपातल्या चर्चच्या घंटांत मात्र हा हेलकावा बहुतेक वेळा नकोसाच समजतात.

जुना ओतारी
अनघाताई, रात्रभर विचार केला. सरासरीचं तुमचं म्हणणं कागदावर मीही मांडून बघितलं, बरोबर येतं. आमचे आजोबा घंटेवरची अक्षरं कधी एकाच जागी ठेवायचे नाहीत, पट्टा सगळ्या घेरावर फिरवायचे. आम्ही समजायचो शोभेसाठी. पण एक राहतं. रस ओततात ती वाट कापली की तिथे एक बुडखा उरतो, तो घासून साफ करतात, आणि तिथलं कांसं बाकीच्यापेक्षा सच्छिद्र असतं. अक्षरांएवढंच त्याचंही असू शकेल. नादवेडा, डोक्यावर कडीजवळ घासल्याची खूण कुठल्या आकड्याच्या रेषेत आहे?

अनघा_प्र
डोक्याजवळच्या वजनाचा काठाच्या हालचालीवर फार परिणाम व्हायला नको, तिथे घंटा हलतेच कुठे. पण ओतताना वाट काठावर ठेवत असतील तर मात्र तुमचं म्हणणं जमेस धरायला लागेल. काही ठिकाणी घंटा उलटी ओततात ना?

जुना ओतारी
ओततात. आम्ही नाही ओतायचो, पण ही घंटा आमच्या पद्धतीची नाही, कडी वेगळी बसवलेली दिसते फोटोत.

नादवेडा
काठावर खूण ११ जवळ नखाला लागेल इतका सपाट भाग आहे, वर कल्हईसारखी चमक. मला आधी वाटलं होतं झिजलंय. ११ पण खालच्या स्वराचीच जागा आहे की!

अनघा_प्र
मग दोघंही एकाच बाजूला ओढतायत, ३ वरची अक्षरं आणि ११ वरचा बुडखा, बरोबर समोरासमोर. कुणाचा वाटा किती हे घासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही आणि घासायचं तर अजिबात नाही.

सायली_दे
जुना व्हिडिओ सापडला. आधी दहा अंतरांना साधारण नऊ सेकंद, आता चार. आणि पूर्वी बारा सेकंद ऐकू यायची ती आता पाच. उद्या घंटा उतरवून रॉकेल लावणार आहोत.

जुना ओतारी
तोवर वाजवू नका, ताई. उतरवताना काठावर टेकवू नका, खाली पोतं घाला.